ऑनलाइन मॉड्यूलला मार्क द्यायचेत? मग व्हिडिओ नंतर बघा, आधी प्रश्न उघडा

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार कॉलेजं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करून घेऊ शकतात आणि त्याचं क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतं. त्यामुळे आता दोन प्रकारच्या लोकांना एकच प्रश्न पडायला लागलाय. विद्यार्थी विचारतात की इतक्या कोर्समधून चांगला कुठला ते ओळखायचं कसं, आणि शिक्षकांच्या हातात एक फॉर्म येतो ज्यात लिहिलेलं असतं की या मॉड्यूलची उद्दिष्टं किती स्पष्ट आहेत, कृती कशा आहेत, मूल्यमापनाशी मेळ आहे का, आणि विद्यार्थ्यावर भार किती पडतो, मार्क द्या. फॉर्म भरायला दिलेला असतो, पण मार्क नक्की कशाला बघून द्यायचे हे कोणी सांगत नाही, मग बहुतेक जण पहिला व्हिडिओ लावतात, आवाज स्वच्छ आहे, स्लाइड छान आहेत, शिकवणाऱ्या मॅडम गोड बोलतात, द्या चार.

माझं म्हणणं असं आहे की व्हिडिओपासून सुरुवात केली की मार्क चुकतातच. सुरुवात उलट्या टोकाकडून करायची. आधी शेवटची परीक्षा उघडायची, एकेक प्रश्न घ्यायचा, आणि तो मागे मागे नेत बघायचं की याचा सराव कुठे झाला आणि हे शिकवणार असं वचन कुठे दिलं होतं. हे कसं करतात ते एका मॉड्यूलवर पूर्ण करून दाखवतो. मॉड्यूल समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातल्या अडचणी अशा आहेत की रिव्ह्यू करणाऱ्या कोणालाही त्या ओळखीच्या वाटतील.

आधी मॉड्यूल म्हणजे काय ते

मॉड्यूल म्हणजे कोर्सचा एक तुकडा, साधारण एका आठवड्याचा. स्वयम् वर प्रत्येक कोर्सला चार भाग असावे लागतात, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चेची जागा आणि स्वतःला तपासायच्या चाचण्या. हे चारही भाग हजर असले की लोकांना वाटतं काम झालं. हजेरी लागली हे खरं, पण चौघं एकाच दिशेने चाललेत की चार दिशांना, हे त्या हजेरीतून कळत नाही.

आपलं मॉड्यूल आहे 'माती परीक्षण आणि खत व्यवस्थापन'. शेतीच्या डिप्लोमाचे विद्यार्थी आणि काही शेतकरीही ते करतात असं धरा. बारा आठवड्यांच्या तीन क्रेडिटच्या कोर्सातला हा एक आठवडा. पानावर लिहिलंय 'लागणारा वेळ ३ तास'. चार उद्दिष्टं दिलीयेत. मातीच्या आरोग्याचं महत्त्व समजून घेणे. माती परीक्षण अहवालाचा परिचय होणे. अहवालावरून पिकाला खताची मात्रा काढता येणे. शेतातून मातीचा नमुना योग्य पद्धतीने घेता येणे.

आत पाच व्हिडिओ आहेत, मिळून ७४ मिनिटं. २२ पानांची पीडीएफ आहे. चर्चेत 'तुमच्या भागातल्या मातीबद्दल लिहा आणि दोन जणांना उत्तर द्या' असं आहे. एक प्रोजेक्ट आहे, आपल्या शेतातला नमुना तपासून घ्या आणि अहवाल सात दिवसात अपलोड करा, याला मार्क नाहीत. आणि शेवटी दहा बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी, मार्क फक्त तिलाच.

दहा प्रश्न उघडून बघूया

कागदावर रकाने आखा. डावीकडे प्रश्नाचा नंबर, पुढे तो कुठल्या उद्दिष्टाचा आहे, त्यापुढे विद्यार्थ्याला हे उत्तर द्यायला डोक्यात नक्की काय करावं लागतं, आणि शेवटी याचा सराव मॉड्यूलमध्ये कुठे झाला. रिव्ह्यूचं अर्ध्याहून जास्त काम या एका कागदावर होतं.

आपल्या मॉड्यूलचे दहा प्रश्न या रकान्यांत घातले की असं दिसतं. सहा प्रश्न नुसत्या माहितीचे आहेत, उदाहरणार्थ सामू म्हणजे पीएच ७ असेल तर माती कशी, किंवा मृदा आरोग्य पत्रिका योजना कोणत्या वर्षी सुरू झाली (२०१५, पाठ असलं की झालं). दोन प्रश्न तक्त्यात आकडा शोधून कमी की मध्यम की जास्त सांगायचे. एक प्रश्न नमुना किती खोलीवरून घ्यायचा, आणि एक प्रश्न युरियात नत्राचं प्रमाण किती. बस.

म्हणजे तिसरं उद्दिष्ट, जे सगळ्यात महत्त्वाचं आहे, खताची मात्रा काढता येणे, त्यावर एकही प्रश्न नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं हे माहीत असणं वेगळं आणि त्यावरून किती किलो युरिया टाकायचा ते काढणं वेगळं. चौथ्या उद्दिष्टाचंही तसंच, खोली १५ ते २० सेंटीमीटर हे पाठ असलेला माणूस शेतात जाऊन बांधाजवळचा किंवा शेणखताच्या ढिगाखालचा नमुना घेऊन येऊ शकतो आणि त्याला या चाचणीत पूर्ण मार्क मिळतात. भाकरी थापायला शिकवायचं आणि परीक्षेत ज्वारीच्या जाती विचारायच्या, तसला हा प्रकार.

याला शिक्षणशास्त्रात अलाइनमेंट म्हणतात, आपण सरळ मेळ म्हणू. जॉन बिग्ज नावाच्या अभ्यासकाने १९९६ मध्ये ही गोष्ट नीट मांडली की विद्यार्थ्याने काय करून दाखवायचं हे उद्दिष्टात लिहा, तेच त्याच्याकडून सरावात करून घ्या, आणि तेच परीक्षेत तपासा. ऐकायला अगदी साधं आहे. पण ऑनलाइन कोर्समध्ये हे वारंवार तुटतं कारण उद्दिष्टं एकजण लिहितो, व्हिडिओ दुसरा करतो, आणि प्रश्न शेवटच्या आठवड्यात घाईघाईने पीडीएफमधली वाक्यं उचलून तयार होतात. प्रश्न पीडीएफमधून उचललेले आहेत हे ओळखायची एक खूण आहे, पर्यायांमधलं बरोबर उत्तर पीडीएफच्या वाक्याशी शब्दशः जुळतं आणि बाकीचे तीन पर्याय कोणी विचारातच घेणार नाही असे असतात.

पण हजारो विद्यार्थी असतात, बहुपर्यायी प्रश्नांशिवाय करणार काय?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पाच हजार वह्या कोण तपासणार. पण बहुपर्यायी प्रश्न म्हणजे पाठांतराचा प्रश्न असं काही नाही, तो तसा केला जातो म्हणून तसा होतो. याच मॉड्यूलसाठी असा प्रश्न बघा.

बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद द्यायचंय. स्फुरद सगळं डीएपी या खतामधून द्यायचं, उरलेलं नत्र युरियामधून. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं, युरियात ४६ टक्के नत्र. युरिया किती किलो लागेल? पर्याय ५५, २१०, २३७ आणि २६१.

आता हे सोडवा. ६० किलो स्फुरदासाठी डीएपी लागतं ६० भागिले ०.४६, म्हणजे साधारण १३० किलो. या १३० किलोत नत्र पण आहे, १८ टक्क्यांनी साडेतेवीस किलो. म्हणजे १२० मधून ते वजा करायचं, उरलं साडेशहाण्णव. त्याला ०.४६ ने भागलं की युरिया साधारण २१० किलो. बरोबर उत्तर हे.

गंमत चुकीच्या पर्यायांमध्ये आहे. जो विद्यार्थी डीएपीतलं नत्र विसरतो तो १२० ला सरळ ०.४६ ने भागतो आणि त्याला २६१ मिळतात. जो भागायच्या ऐवजी गुणतो त्याला ५५ मिळतात. आणि जो ६० किलोलाच डीएपी समजून बसतो, म्हणजे ६० किलो डीएपी टाकतो, त्याच्या हिशेबात डीएपीतून नत्र १०.८ किलो येतं आणि तो २३७ च्या आसपास जातो. प्रत्येक चुकीचा पर्याय एका खऱ्या चुकीतून आलाय, म्हणून पाच हजार विद्यार्थ्यांनी कुठलं बटण दाबलं यावरून कुणाचं काय चुकतंय ते कळतं, वही न तपासता. कॉम्प्युटरला प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे आकडे द्यायला सांगता येतं, मग कॉपीचाही बराच प्रश्न मिटतो.

म्हणून रिव्ह्यू करताना 'बहुपर्यायी प्रश्न आहेत' एवढ्यावरून मार्क कापू नका आणि 'प्रकल्प आहे' म्हणून देऊ पण नका. उत्तर काढताना विद्यार्थ्याला काय करावं लागतं तेवढंच बघा.

उद्दिष्ट स्पष्ट आहे हे कसं ओळखायचं

रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टं कशी लिहावी यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यातली तीन भागांची कसोटी आजही चालते. शिकणारा काय करून दाखवेल, कुठल्या परिस्थितीत म्हणजे हातात काय दिलेलं असताना, आणि कितपत बरोबर आलं की चालेल.

'मातीच्या आरोग्याचं महत्त्व समजून घेणे' हे या कसोटीला लावा. समजलं हे दिसणार कसं? दोन शिक्षकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून यावर एकेक प्रश्न काढायला सांगितला तर एक निबंध विचारेल, दुसरा व्याख्या. मी उद्दिष्टाची स्पष्टता अशीच तपासतो, की ते वाचून दोन अनोळखी शिक्षक साधारण सारखाच प्रश्न काढतील का. काढतील तर स्पष्ट.

तिसरं उद्दिष्ट, 'मात्रा काढता येणे', तुलनेत बरं आहे, पण अर्धवट. हे असं लिहिलं तर पूर्ण होतं: दिलेला माती परीक्षण अहवाल, पिकाची शिफारस आणि खतांच्या पोत्यावरचे टक्के वापरून डीएपी आणि युरियाची हेक्टरी मात्रा पाच किलोच्या फरकात काढता येईल. आता विद्यार्थ्यालाही कळतं की टक्के पाठ करायची गरज नाही, ते दिलेले असणार, हिशेब यायला हवा. दुसऱ्याचंही तसंच करता येतं, 'अहवालाचा परिचय' काढून टाका आणि लिहा की अहवालातला प्रत्येक आकडा तक्त्याशी लावून कमी, मध्यम, जास्त ठरवता येईल.

इथे एक फसवी दुरुस्ती सर्रास होते. शिकण्याच्या पातळ्या लावणाऱ्या ब्लूमच्या वर्गीकरणातल्या क्रियापदांची यादी सगळ्यांकडे असते, मूळ १९५६ ची आणि २००१ मध्ये सुधारलेली, त्यातून 'विश्लेषण करणे', 'मूल्यांकन करणे' असे वजनदार शब्द उचलून जुन्या उद्दिष्टांना चिकटवले जातात आणि खाली प्रश्न तेच राहतात, योजना कोणत्या वर्षी सुरू झाली. फॉर्मवर अशा मॉड्यूलला पूर्ण मार्क मिळतात कारण फॉर्ममध्ये एवढंच विचारलेलं असतं की क्रियापद आहे का. मला तर साधं 'ओळखता येईल' लिहिलेलं आणि खरोखर ओळखायला लावणारं मॉड्यूल कधीही जास्त प्रामाणिक वाटतं.

व्हिडिओ बघणं ही कृती आहे का?

माझ्या मते फार थोडी. कृती म्हणजे ज्यात विद्यार्थी काहीतरी करतो, ते चूक की बरोबर हे त्याला कळतं, आणि पुन्हा करायची संधी मिळते. व्हिडिओत खताचा हिशेब सोडवून दाखवलाय, नऊ मिनिटं, छान समजावलाय, पण विद्यार्थी तो बघतो आणि मान डोलावतो. बघताना सगळंच सोपं वाटतं.

व्हिडिओच्या लांबीबद्दल लोक एक आकडा नेहमी सांगतात, सहा मिनिटं. तो २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ बघण्याच्या सत्रांच्या अभ्यासातून आलाय. त्यात असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी मधला, म्हणजे साधारण, प्रेक्षक फारतर सहा मिनिटं बघतो. पण तो अभ्यास लोक किती वेळ बघतात याचा होता, किती शिकतात याचा नव्हता. म्हणून पंधरा मिनिटांचा व्हिडिओ दिसला की लगेच मार्क कापायचे आणि पाच मिनिटांचा दिसला की द्यायचे हे बरोबर नाही. त्या पंधरा मिनिटांत दोनदा थांबवून 'आता हे तुम्ही करा' म्हटलंय का ते बघा.

आपल्या मॉड्यूलमध्ये काय हवं होतं? आधी एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण, जे आहे. मग एक अर्धं सोडवलेलं, जिथे डीएपीपर्यंत आलोय आणि पुढचं नत्र वजा करायचं विद्यार्थ्यावर सोडलंय. मग एक पूर्ण त्याचं त्याने. आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरावर एक ओळ, जशी '२६१ आलं? डीएपीतलं नत्र वजा करायचं राहिलं'. ही ओळ लिहायला शिक्षकाला एक मिनिट लागतं, आणि रात्री अकरा वाजता मोबाइलवर एकट्याने शिकणाऱ्या माणसाला तेवढीच काय ती शिक्षकाची सोबत मिळते.

चर्चेचं एका वाक्यात सांगतो, 'तुमच्या भागातल्या मातीबद्दल लिहा' याने चारपैकी एकही उद्दिष्ट पुढे सरकत नाही. त्याऐवजी एक निनावी अहवाल टाकून 'या शेतकऱ्याला काय सांगाल आणि का' विचारलं तर तीच चर्चा सराव होते.

तीन तास म्हणजे नक्की किती?

भार मोजताना सगळ्यात जास्त गडबड होते, आणि ती बहुतेक वेळा नकळत होते. या मॉड्यूलवाल्यांनी तीन तास कसे काढले असतील बघा. व्हिडिओ ७४ मिनिटं, पीडीएफ साधारण तासभर, चाचणी अर्धा तास, झाले पावणेतीन, लिहा तीन. म्हणजे व्हिडिओ न थांबवता बघितला, नोट्स काढल्या नाहीत, चर्चा आणि प्रोजेक्ट धरलेच नाहीत.

मी असं मोजतो. व्हिडिओची लांबी दीडपट करायची, कारण माणूस थांबवतो, मागे जातो, लिहून घेतो, ७४ चे झाले १११. पीडीएफ २२ पानं, पानाला ३०० शब्द धरले तर ६६०० शब्द. गोष्ट वाचताना माणूस पटपट वाचतो पण आकडे आणि नवीन शब्द असलेला मजकूर समजून घ्यायचा तर मिनिटाला १०० शब्द धरणं बरं, म्हणजे ६६ मिनिटं. चर्चेत एक पोस्ट आणि दोन उत्तरं, ४५ मिनिटं. चाचणी आणि चुकलेलं परत बघणं, ३० मिनिटं. बेरीज २५२, म्हणजे ४ तास १२ मिनिटं. प्रोजेक्टसाठी शेतात जाऊन आठदहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घेणं, माती एकत्र करून चार भाग करत करत अर्ध्या किलोवर आणणं, पिशवीवर माहिती लिहिणं, प्रयोगशाळेत नेऊन देणं, तीन तास तरी. एकूण ७ तास १२ मिनिटं.

आता हे जास्त झालं का? नाही, आणि हीच बघण्यासारखी गोष्ट आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे शिकण्याचे ३० तास धरतात, त्यात वाचन, सराव, प्रोजेक्ट सगळं आलं. तीन क्रेडिटचे ९० तास, बारा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला साडेसात. म्हणजे एकूण भार ठीक आहे, फक्त पानावर लिहिलेला आकडा खोटा आहे. रोज अर्धा तास काढू म्हणून नोकरी सांभाळून बसलेली बाई बुधवारी मागे पडते आणि तिला वाटतं आपल्यालाच जमत नाही. नुसता आकडा दुरुस्त केला तरी तिचं नुकसान थांबतं.

दुसरी गोष्ट, तास कशावर जातायत. तिसऱ्या उद्दिष्टावर, जे मुख्य आहे, नऊ मिनिटांचा व्हिडिओ आणि पीडीएफची दोन पानं, म्हणजे २५२ पैकी जेमतेम वीस मिनिटं. मातीचा इतिहास आणि योजनांची माहिती यावर त्याच्या कितीतरी पट. मी एकूण तासांपेक्षा या वाटणीला जास्त महत्त्व देतो.

आणि तिसरी, जी नुसत्या तासांच्या बेरजेत कधीच दिसत नाही. नमुना प्रयोगशाळेत दिला की अहवाल हातात यायला दिवस लागतात, हंगामाआधी गर्दी असली तर आणखी जास्त. सात दिवसात अपलोड करा म्हणजे बहुतेकांना ते शक्यच नाही. त्यात विद्यार्थ्याचे तास जात नाहीत, वाट बघण्यात दिवस जातात, पण मुदत हुकते. प्रयोगशाळा, परवानग्या, गटातला जोडीदार, असं दुसऱ्यावर अवलंबून असलेलं काहीही दिसलं की तासांशेजारी दिवस पण लिहा.

प्रत्येकाचा वेग वेगळा, मग मोजून उपयोग काय?

खरंय, वेग वेगळाच असतो. अमेरिकेत राइस विद्यापीठात सुरू झालेलं आणि पुढे वेक फॉरेस्टमध्ये वाढवलेलं वर्कलोड मोजायचं एक साधन आहे, त्यात पानांची संख्या टाकली की आधी ते विचारतं की नुसतं चाळायचंय की समजून घ्यायचंय, नवीन संकल्पना किती आहेत, आणि त्याप्रमाणे तेच पान कितीतरी जास्त वेळ घेऊ शकतं. म्हणून एक आकडा न देता टप्पा द्यावा, या मॉड्यूलला 'चार ते साडेपाच तास, प्रोजेक्टचे वेगळे तीन' असं लिहिता येईल. आणि शक्य असेल तर तीन विद्यार्थ्यांना, त्यातला एक मोबाइलवरच शिकणारा आणि एक या विषयात नवखा, खरोखर करायला लावून घड्याळ बघावं. विषय येणाऱ्या शिक्षकाने स्वतः करून लावलेला अंदाज नेहमी कमी येतो.

आता मार्क

मी शून्य ते तीन एवढीच मोजपट्टी वापरतो. शून्य म्हणजे पुरावाच सापडत नाही, एक म्हणजे कुठे कुठे सापडतो, दोन म्हणजे बहुतेक ठिकाणी आहे आणि जिथे नाही तिथे शिकणाऱ्याचं अडत नाही, तीन म्हणजे सगळीकडे. दहापैकी मार्क द्यायला लागलं की सहा आणि सातमध्ये फरक काय हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि प्रत्येक मार्काशेजारी पुरावा लिहायचा, प्रश्न नंबर, व्हिडिओचं मिनिट, पीडीएफचं पान. 'कृती सुधाराव्यात' असा शेरा लिहिला तर मॉड्यूल करणाऱ्याला काय कळणार?

या मॉड्यूलला मी उद्दिष्टांना एक देतो, चारपैकी दोनच तपासता येण्यासारखी आहेत. कृतींना एक, कारण करून बघण्यासारखं एकच आहे, तो प्रोजेक्ट, आणि तो मुदतीमुळे अडकलाय. भाराला एक, तास चुकीचे आणि मुदत अशक्य. मेळाला शून्य, मुख्य उद्दिष्ट तपासलंच जात नाही.

समजा मॉड्यूल जरा चांगलं असतं आणि बाकी तिन्हीला तीन मिळाले असते पण मेळाला शून्य, तर बारापैकी नऊ, ७५ टक्के, बऱ्याच ठिकाणी हे 'चांगलं' म्हणून पास होईल. म्हणून सरासरीवर सोडू नये. क्वालिटी मॅटर्स नावाची अमेरिकेतली मोजपट्टी तिकडची बरीच कॉलेजं वापरतात, तिच्यात हा विचार केलाय, एकूण ८५ टक्के तर लागतातच, पण ज्या कसोट्या अत्यावश्यक ठरवल्यात त्यातली एकही हुकली तर कोर्स मान्य होत नाही, बाकी कितीही छान असो. आपण सुद्धा निदान मेळासाठी असा उंबरठा ठेवावा, दोनच्या खाली असेल तर बेरीज करायचीच नाही, मॉड्यूल दुरुस्तीला परत.

दोन जणांनी वेगवेगळं तपासावं, एक विषयातला आणि एक विषयाबाहेरचा. विषयाबाहेरच्याला डीएपीतलं नत्र माहीत नसतं म्हणून सरावाची कमतरता त्याला आधी टोचते, विषयातल्याला उत्तर चुकलंय हे आधी दिसतं. दोघांच्या मार्कांत दोनचा फरक आला तर मधला आकडा घेऊ नका, पुराव्यांचे कागद समोरासमोर ठेवा, बहुतेक वेळा एकाने काहीतरी बघितलेलंच नसतं.

पण विद्यार्थ्यांनी तर साडेचार स्टार दिलेत!

असतील. सहा माहितीचे प्रश्न, पीडीएफ उघडी ठेवून चाचणी, शंभर टक्के मार्क, कोण वाईट म्हणेल? स्टारमधून विद्यार्थी खूश आहे का ते कळतं, आणि तेही शेवटपर्यंत टिकलेले विद्यार्थीच देतात, बुधवारी मागे पडून सोडून गेलेली ती बाई स्टार द्यायला येत नाही. विद्यार्थ्यांना विचारायचंच असेल तर 'आवडलं का' विचारू नका. किती तास लागले, कुठे अडलं, आणि परीक्षेतला कुठला प्रश्न शिकवलेलाच नव्हता, एवढं विचारा, या तीन गोष्टी त्यांच्याइतक्या चांगल्या कोणीच सांगू शकत नाही.

दुरुस्तीला फार काही लागत नाही

मॉड्यूल परत पाठवायचं म्हटलं की करणाऱ्याचं तोंड उतरतं, त्याला वाटतं सगळे व्हिडिओ परत शूट करावे लागणार. इथे एकही नाही. मातीच्या इतिहासाचा १८ मिनिटांचा व्हिडिओ ऐच्छिक करा, थांबण्यासकट २७ मिनिटं सुटली. चर्चा बदलून अहवालावरची करा. हिशेबाचा तासाभराचा सराव टाका, अर्धं सोडवलेलं आणि पूर्ण स्वतःचं. माहितीचे सहा प्रश्न दोनवर आणा, त्यांच्या जागी डीएपी-युरियासारखे चार. नमुन्याच्या प्रोजेक्टचे दोन भाग करा, या आठवड्यात फक्त खड्ड्याचे, जागेचे आणि पिशवीवरच्या चिठ्ठीचे फोटो, ते ठरवलेल्या मुद्द्यांवर तपासायचे आणि त्याला मार्क द्यायचे. प्रयोगशाळेचा अहवाल मग पुढच्या मॉड्यूलमध्ये, जेव्हा हातात येईल तेव्हा वापरायचा. पानावरचा वेळ बदला. दोनचार दिवसांचं काम आहे, कॅमेरा लागत नाही.

मग पुढच्या बॅचनंतर त्या युरियाच्या प्रश्नावर कोणी काय दाबलं ते काढून बघा. २६१ वर खूप जण गेले असतील तर डीएपीतलं नत्र वजा करायची पायरी अजून पोचलेली नाही, तिथे आणखी एक अर्धं सोडवलेलं उदाहरण हवं, आणि कृतींचे मार्क त्या बॅचच्या आकड्यांवरून परत लावायचे.